येक, येळ आणि दोन 'जग'

प्रश्न : "निपाणी-खानापूर भागातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं वहीत उतरवून घेतोय. पुढं त्याचा छोटा कोश करायचा विचार आहे. ध्वनिलेखन स्थूल करू की सूक्ष्म?"

वहीत सूक्ष्म करा, कोशात स्थूल. पण स्थूल म्हणजे प्रमाण मराठीचं शुद्धलेखन नव्हे, एवढं आधी पक्कं करून घ्या. बहुतेक वह्या बिघडतात त्या इथंच.

सूक्ष्म लेखनात जे कानावर पडलं ते लिहायचं, चौकोनी कंसात. स्थूल लेखनात त्या बोलीत ज्या फरकानं अर्थ बदलतो तेवढेच फरक दाखवायचे, तिरप्या रेघांच्या मध्ये. म्हणजे स्थूल लिहायला त्या बोलीचे स्वनिम, अर्थात अर्थात फरक पाडणारे ध्वनी, आधी ठरलेले हवेत, आणि पहिल्या दिवशी ते ठरलेले नसतात. ते ठरवण्यासाठीच तर वही आहे.

समजा, एखादी आजी म्हणाली, "येक येळ जेवली की बास." वहीत [jeːk jeːɭ] असं उतरवा. घाईत इथं 'एक वेळ' लिहिलंत तर आजीचं बोलणं गेलं आणि तुमची शाळा वहीत आली. या दोन शब्दांचं प्रमाण रूप वेगवेगळं सुरू होतं, एक 'ए'नं आणि दुसरा 'वे'नं. आजीच्या तोंडी मात्र दोन्हींची सुरुवात सारखी आहे. म्हणून तिच्या बोलीच्या स्थूल लेखनातही ती सारखीच यायला हवी : दोन्हीकडे /je/ तरी, नाहीतर दोन्हीकडे /e/ तरी. पहिल्याला /e/ आणि दुसऱ्याला /je/ देणं केवळ पुस्तकातलं स्पेलिंग आठवून केलेलं असतं, कानाचा त्याला आधार नसतो.

मग दोन्हींतलं कोणतं? त्यासाठी त्याच माणसाच्या बोलण्यात शब्दारंभी निखळ 'ए' कुठं येतो का ते शोधा. 'ए पोरा' या हाकेत तो येऊ शकतो, आणि 'इकडं ये' मधला 'ये' त्याच्याशी ताडून पाहता येतो. हाकेचे शब्द बऱ्याचदा भाषेच्या ध्वनिव्यवस्थेबाहेर वागतात, म्हणून एकट्या हाकेवर निकाल देऊ नका. बाकी कुठंच निखळ 'ए' मिळाला नाही, तर शब्दारंभीचा 'य' हा नियमानं येणारा समजा. तो प्रत्येक नोंदीत दाखवायची गरज नाही. प्रस्तावनेत एक ओळ पुरते. वाचकाला सोपं जावं म्हणून /je/ च ठेवलंत तरी चालेल, फक्त कोशभर एकच ठेवा. शीर्षशब्द 'एक' की 'येक' हा निर्णय वेगळा, त्याची उच्चारलेखनाशी गल्लत करू नका.

उलट बाजू 'जग'ची. 'हे जग' आणि 'शंभर वर्षं जग' हे लिहिताना एकच, पण पहिला [d͡ʒəɡ] आणि दुसरा [d͡zəɡ]. इथं अर्थच बदलतो, तेव्हा हा फरक स्थूल लेखनातही टाळता येत नाही. 'चार माणसं' आणि 'गुरांना चार' यांचंही तसंच. कोशात उच्चार दिला नाही तर परगावच्या वाचकाला हे नागरीवरून कधीच कळायचं नाही.

आपल्या भागात कन्नडमुळं आणखी एक गोष्ट जपावी लागते. कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही आहेत, आणि त्यानं अर्थ बदलतो : [koɖu] म्हणजे दे, [koːɖu] म्हणजे शिंग. मराठी कानाला दोन्ही 'कोडु'च ऐकू येतात. होसूर या गावनावातला 'हो' मुळात ऱ्हस्व, कारण तो 'होस', म्हणजे नवा, यातला. तेव्हा दोन्ही भाषा बोलणाऱ्या माणसाकडून शब्द घेताना 'ए' आणि 'ओ' यांची लांबी प्रत्येक वेळी टिपा. मराठी शब्दांत ती लांबी अर्थ बदलत नाही असं दिसलं, की कोशाच्या उच्चारातून काढा. वहीत मात्र राहू द्या. व्युत्पत्ती शोधताना तीच कामाला येते.

सूक्ष्मतेलाही मर्यादा आहे. प्रत्येक श्वासाला चिन्ह लावू गेलात तर तासाभरात हात थकतो आणि तोच ध्वनी तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिला जातो. म्हणून ज्यावर शंका आहे तेच बारकाईनं टिपा : च-ज-झ, शब्दारंभीचे 'ए' आणि 'ओ', स्वरांची लांबी, अनुनासिक. सोबत ध्वनिमुद्रण असू द्या, म्हणजे बाकीचं मागाहून ऐकता येतं.

आणि "पुन्हा एकदा म्हणा" असं म्हटल्यावर मिळणाऱ्या उच्चारापासून सावध राहा. लिहिणारा समोर बसला की माणूस सावरून बोलतो आणि 'येक'चा 'एक' होतो. ओघातलं रूप आणि विचारून घेतलेलं रूप दोन्ही लिहा, पुढं 'ओ' किंवा 'वि' अशी खूण करा. उजव्या पानावर हे सूक्ष्म लेखन, डावं पान कोरं. व्यवस्था उमगत जाईल तसं स्थूल लेखन डावीकडं चढवा आणि उजवीकडचं काहीही खोडू नका. पुढं /je/ चा निर्णय फिरवावा लागला, तर नव्यानं गावोगाव हिंडावं न लागता ते डावीकडं बदलता येतं.