चुकीचे पर्याय वहीतून उचला

तुमच्या सरावपेपरात 7 − 2(x − 4) ला 12x + 9 असा पर्याय होता. तो कुणीच निवडणार नाही, कारण तिथे पोहोचायला वाटच नाही. आधी हेच गणित पर्याय न देता वर्गात सोडवायला द्या आणि वह्या गोळा करा. सदाशिव पेठेतल्या माझ्या क्लासला आठवीची मुलं बहुतेक याच उत्तरांवर येतात:

- 15 − 2x : बरोबर
- −1 − 2x : −2 ने −4 ला गुणताना चिन्ह चुकलं
- 3 − 2x : 2 ने फक्त x ला गुणलं, −4 तसाच राहिला
- 5x − 20 : आधी 7 मधून 2 वजा केले

प्रत्येक पर्यायाशेजारी चूक लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर तो पर्याय काढा, तीनच राहिले तरी बिघडत नाही.

आकडे मात्र जपून निवडा. कंसाबाहेर 2 ऐवजी नुसतं वजा चिन्ह ठेवलंत, म्हणजे 7 − (x − 4), तर दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायातल्या चुका दोन्ही 3 − x वरच येतात. मग पोराचं नेमकं काय चुकलं, ते कळत नाही. मी स्वतः असा पेपर छापून बसलोय, झेरॉक्सचे पैसे पाण्यात!

दोन चुका एकत्र करणारे पर्याय सध्या नकोत.