२बी जुळवताना सुरुवात बिल नंबरने करू नका

पहिल्या महिन्यात एवढंच करा: खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी एकाच एक्सेलमध्ये घ्या आणि आधी जीएसटीआयएन व कराची रक्कम जुळवा. नंबर नंतर. कारण पुरवठादार एसटी/०४५७/२४-२५ भरतो आणि आपला माणूस नुसतं ४५७ टाकतो. बिल तेच असतं, पण एक्सेल दोन्हीकडे 'सापडलं नाही' म्हणतं. असं बिल जीएसटीआयएन आणि कराच्या रकमेवरूनच सापडतं. जिथे फरक नुसत्या रेघांचा असतो तिथे त्या काढायला वेगळा कॉलम करा, मूळ कॉलमला हात लावू नका:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,"/",""),"-","")
```

आता रक्कम. रजिस्टरला कर ९,८१०, २बीत ९,१८०. फरक ६३०, त्याला ९ ने पूर्ण भाग जातो. असं दिसलं की आकडे उलटे पडल्याचा संशय घ्या आणि कागदी बिल काढा. बिलात करपात्र रक्कम ५१,००० असेल, तर १८ टक्क्यांनी ९,१८० बरोबर, म्हणजे चूक आपल्या नोंदीत आहे.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:

- बिलाची एकूण रक्कम जुळवतात. राउंड ऑफमुळे खोटे फरक निघतात. करपात्र रक्कम आणि कर वेगवेगळे बघा.
- बिल न बघताच रजिस्टर २बीप्रमाणे बदलतात. चूक पुरवठादाराची असेल तर दुरुस्ती त्यानेच करायची, आपण नंबर आणि तारखेसह लेखी कळवायचं.
- एकाच महिन्याची २बी बघतात. उशिरा भरलेलं बिल पुढच्या महिन्यात येतं, म्हणून दोन-तीन महिने एकाखाली एक लावा.

क्रेडिट नोट, आयात वगैरे सध्या बाजूला ठेवा.