दोन टक्के, पण कशाचे?

प्रश्न: सेवा कर १० टक्क्यांवरून १२ टक्के झाला तेव्हा सगळे 'कर दोन टक्क्यांनी वाढला' म्हणत होते. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात तीच वाढ २० टक्के धरली आहे. मराठीत नेमकं काय म्हणावं? परसेंटेज पॉइंटला आपल्याकडे शब्द आहे का? आणि अशा वाढीने भाव आणि महसूल किती टक्क्यांनी वाढतो?

उत्तर: दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त दोघांचा पाया वेगळा आहे. शंभर रुपयांच्या सेवेवर आधी दहा रुपये कर होता, आता बारा. वाढलेले दोन रुपये सेवेच्या मूल्याशी ताडले तर ते शंभरात दोन, म्हणून दोन टक्के. तेच दोन रुपये आधीच्या कराशी ताडले तर दहात दोन, म्हणून वीस टक्के.

विभक्ती इथे मदतीला येत नाही. 'दोन टक्के वाढला' म्हणजे दहाचे बारा आणि 'दोन टक्क्यांनी वाढला' म्हणजे दहाचे दोन टक्के, असा नियम करावासा वाटतो खरा, पण बोलण्यात तो कुणीच पाळत नाही. काटेकोर वाचलं तर 'दहा टक्के दर दोन टक्क्यांनी वाढला' याचा अर्थ १०.२ टक्के असाही होतो, आणि परीक्षेतले काही प्रश्न नेमके याच फटीत बसवलेले असतात.

टक्क्याला खरी गरज आहे ती षष्ठीची: कशाचे टक्के? शाळेत व्याजाच्या गणितात 'द.सा.द.शे.' लिहायचो ते आठवा. दर साल, दर शेकडा. चार अक्षरांत मुदतही सांगितली आणि पायाही. रोजच्या 'टक्के'मधून तो 'दर शेकडा' गळून पडतो आणि शेकडा कशाचा ते ऐकणाऱ्याने ताडायचं उरतं.

आता तुमचंच उदाहरण सोडवू. १ एप्रिल २०१२ पासून सेवा कराचा मूळ दर १० वरून १२ झाला. फोनचं बिल कराआधी १,००० रुपये आहे असं धरा. उपकर घटकाभर बाजूला ठेवू. आधी कर १०० रुपये, एकूण बिल १,१००. नंतर कर १२०, बिल १,१२०. ग्राहकाच्या खिशातून वीस रुपये जादा गेले, पण तो आधी १,१०० देत होता. म्हणून त्याच्या दृष्टीने भाव २० भागिले १,१०० म्हणजे १.८२ टक्क्यांनी वाढला. 'दोन टक्के कर वाढला म्हणजे भाव दोन टक्के चढला' हे म्हणणं थोडक्यात चुकतं, कारण ग्राहकाचा पाया करासकट आहे. दर दोन अंकांनी वाढला की करासकट भावातली वाढ नेहमी दोन टक्क्यांहून कमीच भरते. अपवाद एकच, आधी कर शून्य असेल तर.

मूळ दर जितका लहान तितकी तीच दोनाची भर कराच्या अंगाने मोठी दिसते. जपानने उपभोग कर १९९७ मध्ये ३ वरून ५ केला आणि २०१९ मध्ये ८ वरून १०. पहिल्या वेळी कराचा बोजा सुमारे ६७ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या वेळी २५ टक्क्यांनी. करासकट भावात मात्र फारसा फरक नाही: १.९४ आणि १.८५ टक्के. बातमीदाराला सनसनाटी हवी असेल तर तो ६७ घेईल, सरकारी प्रवक्ता 'फक्त दोन' म्हणेल, आणि खोटं दोघेही बोललेले नसतील.

महसुलाचं गणित इथूनच सुरू होतं. महसूल म्हणजे दर गुणिले करपात्र विक्री. दर १.२ पट झाला. विक्री तेवढीच राहिली तर महसूल २० टक्क्यांनी वाढेल. पण भाव चढल्यावर खप थोडा उतरतो. मूळ भाव कायम राहून खप पाच टक्क्यांनी घटला असं समजा. इथे बहुतेक जण २० मधून ५ वजा करून १५ लिहितात. टक्के असे थेट वजा होत नाहीत, कारण पाच टक्के घट जुन्या विक्रीवरची आहे आणि वीस टक्के वाढ जुन्या दरावरची. दोन्ही गुणायला हवेत: १.२० × ०.९५ = १.१४. म्हणजे १४ टक्के वाढ. हरवलेला एक टक्का म्हणजे वीसाचे पाच टक्के.

याच चुकीचं मोठं रूप म्हणजे 'दर वीस टक्के वाढला, खप वीस टक्के घटला, म्हणजे महसूल जैसे थे'. १.२० × ०.८० = ०.९६, म्हणजे महसूल चार टक्क्यांनी बुडाला. महसूल आहे तिथेच राहायचा असेल तर खप १ भागिले १.२ इतका, म्हणजे जुन्याच्या ८३.३३ टक्क्यांवर यावा लागतो. घट १६.६७ टक्के. परीक्षेत हे एकषष्ठांश म्हणून लक्षात ठेवलं तर पटकन सुटतं: एकपंचमांश वाढ फेडायला एकषष्ठांश घट पुरते.

बाजारात मात्र नेहमी ग्राहकच भार उचलतो असं नाही. दुकानदाराने 'सर्व करांसह १,१००' अशी पाटी लावली असेल आणि ती तो बदलू शकत नसेल, तर काय होईल? इथे हमखास होणारी चूक म्हणजे १,१०० चे बारा टक्के काढून १३२ रुपये कर मोजणं. बारा टक्के कर हा कराआधीच्या मूल्याचा असतो, पाटीवरच्या रकमेचा नव्हे. म्हणून १,१०० ला १.१२ ने भागायचं: मूल्य ९८२.१४, कर ११७.८६. पडताळा असा की दोघांची बेरीज बरोबर १,१०० यायला हवी. १३२ घेतलं तर उरलेल्या ९६८ वर बारा टक्के ११६.१६ येतात, तिथेच पोल खुलते. या स्थितीत ग्राहकाचा भाव शून्य टक्के वाढला, सरकारचा कर १७.८६ टक्क्यांनी वाढला आणि दुकानदाराच्या हातचं १.७९ टक्क्यांनी घटलं. दर तोच, पण महसुलाची वाढ २० वरून १७.८६ वर आली, कारण खप न घटताही करपात्र मूल्य आकसलं.

आता बाजूला ठेवलेला उपकर, कारण 'टक्के कशाचे' याचं इतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. २०१२ मध्ये सेवा करावर दोन आणि एक असा मिळून तीन टक्के शिक्षण उपकर होता. तो करावर लागायचा, मूल्यावर नाही. म्हणून बारा टक्के कर आणि तीन टक्के उपकर मिळून पंधरा होत नव्हते. बाराचे तीन टक्के ०.३६, एकूण १२.३६. आधी दहावर तसाच १०.३० होता. म्हणजे बातमीतली दोनाची वाढ बिलावर २.०६ ची होती. कराची टक्केवारीतली वाढ मात्र उपकर धरूनही नेमकी वीसच राहते, कारण उपकर कराच्याच प्रमाणात वाढतो.

पुढे १ जून २०१५ पासून दर १४ झाला तेव्हा 'बाराचा चौदा' अशीच चर्चा झाली. पण त्याच वेळी शिक्षण उपकर दरात सामावून घेतला गेला. प्रत्यक्षात १२.३६ चा १४ झाला, भर १.६४ ची. कर १३.२७ टक्क्यांनी वाढला आणि करासकट बिल १.४६ टक्क्यांनी. 'बाराचा चौदा' धरून काढलं तर कराची वाढ १६.६७ टक्के येते, म्हणजे अंदाज बराच फुगतो.

आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून स्वच्छ भारत उपकर आला, अर्धा टक्का. हा अर्धा टक्का कराचा नव्हता, सेवेच्या मूल्याचा होता. म्हणून १४ चे १४.५ झाले. कराचा अर्धा टक्का असता तर १४.०७ झाले असते. शब्द तोच 'उपकर', तोच 'टक्का', पण आधीचा तीन टक्क्यांचा उपकर बिलावर ०.३६ भर घालत होता आणि हा अर्ध्याचा ०.५ घालत होता. लहान दिसणारा मोठा निघाला, तो केवळ षष्ठी बदलल्यामुळे.

एक सावधगिरी. त्या वर्षांतली सेवा कराची प्रत्यक्ष वसुली घेऊन 'दर वाढल्याने एवढी वाढली' असं म्हणता येत नाही. १ जुलै २०१२ पासून नकारात्मक यादीची पद्धत आली, म्हणजे यादीत नाव नसलेल्या जवळपास सगळ्या सेवा करपात्र झाल्या. दर आणि पाया दोन्ही हलले. वरचे आकडे पाया स्थिर धरून काढलेले आहेत, हे गणित करताना लिहून ठेवलेलं बरं.

शब्दाकडे येऊ. 'टक्केबिंदू' असा शब्द कधीमधी वाचायला मिळतो. तो अचूक आहे, पण मला तो भाषांतराच्या टेबलावरून उठून आलेला वाटतो. 'दोन अंकांनी' चालतं, मीही वर वापरलं आहे, पण 'दोन अंकी वाढ' शेजारी आली की घोटाळा होतो. अर्थविषयक बातम्यांचा संकेत तर वेगळाच आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ६.२५ वर आणला, तेव्हा मराठीत 'पाव टक्का कपात' म्हटलं गेलं आणि कुणाचाही गैरसमज झाला नाही. गणिती अर्थाने ती घट ३.८५ टक्क्यांची होती, पण तसं लिहिलं असतं तर वाचक बुचकळ्यात पडला असता. व्याजदर आणि करदर यांच्या बाबतीत 'टक्का' म्हणजे दरातला थेट फरक, हा संकेत रूढ आहे, म्हणून 'कर दोन टक्क्यांनी वाढला' याला मी चूक म्हणणार नाही.

जिथे गणित करायचं आहे तिथे मात्र 'वरून' आणि 'वर' हीच जोडी वापरावी. 'दर १० वरून १२ टक्क्यांवर गेला' यात दुसरा अर्थ शिरायला जागाच नाही. बोलीतलं 'दहाचा बारा झाला' हेही तितकंच पक्कं. टक्क्यांतली वाढ सांगायची असेल तर पाया शेजारीच ठेवावा. २०१५ ची ती बातमी मी अशी लिहीन: 'सेवा कराचा दर उपकरासह १२.३६ वरून १४ टक्क्यांवर. कराआधी हजार रुपये असलेल्या बिलावर १६ रुपये ४० पैसे जादा.' यात वाढ एकाही टक्क्यात सांगितलेली नाही, आणि ज्याला हवी असेल त्याला तिन्ही टक्केवाऱ्या यातून काढता येतात.