७ टक्के रिअ‍ॅक्टरसह कपॅसिटर बँक किती केव्हीएआरची घ्यावी?

प्रश्न: इमारतीत लिफ्ट, पंप, चिलर आणि काही व्हीएफडी आहेत. २०० किलोवॅट लोडला पॉवर फॅक्टर ०.८० येतो, ०.९८ हवाय. बँक किती घेऊ?

उत्तर: ०.८० आणि ०.९८ या पॉवर फॅक्टरच्या कोनांचे टॅन घेतले, तर २०० × (०.७५० − ०.२०३) म्हणजे सुमारे १०९ केव्हीएआर. १०, २५, २५ आणि ५० अशा स्टेप्स करा, म्हणजे रात्री फक्त पंप चालू असतानाही जास्त भरपाई होणार नाही.

चूक होते ती कपॅसिटरच्या व्होल्टेजमध्ये. ७ टक्के रिअ‍ॅक्टर मालिकेत आला की ४१५ व्होल्टच्या लाइनवर कपॅसिटरला ४१५ ÷ ०.९३, म्हणजे ४४६ व्होल्ट मिळतात. हार्मोनिक्सचा भार वेगळाच. म्हणून ४४० चा नको, ४८० व्होल्टचा घ्या. मात्र २५ केव्हीएआरच्या स्टेपला ४८० व्होल्टवरचा साधारण ३१ केव्हीएआरचा कपॅसिटर लागतो: २५ × ०.९३ × (४८०/४१५)².

रिअ‍ॅक्टर-कपॅसिटरची ही जोडी १८९ हर्ट्झला ट्यून होते, व्हीएफडीच्या २५० हर्ट्झच्या हार्मोनिकच्या खाली. कपॅसिटर झिजला की ही वारंवारता वर सरकते आणि रिअ‍ॅक्टर तापतो. त्यामुळे दर सहा महिन्यांनी क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट नोंदवा. त्याच बँकेत विनारिअ‍ॅक्टरची स्टेप अजिबात मिसळू नका, तिथेच रेझोनन्स होतो.