‘ॲटिट्यूड’ कॅमेऱ्यात दिसत नाही

मार्च जवळ आला की वाळूज, शेंद्र्यापासून लातूर-नांदेडपर्यंतच्या सुपरवायझर आणि शाखाप्रमुखांचे प्रश्न येऊ लागतात. गोंधळ बहुतेकांचा एकच: वार्षिक मूल्यमापनात शेरा लिहायचा तो माणसावर की त्याच्या कामावर? कामावर. त्यासाठी अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’ या संस्थेने रुजवलेली तीन पायऱ्यांची पद्धत मी सगळ्यांना सांगतो. आधी प्रसंग, मग त्या प्रसंगातलं वागणं, मग त्याचा परिणाम.

“‘ॲटिट्यूड बरोबर नाही’ असा शेरा लिहिला तर एचआरने फॉर्म परत पाठवला. सगळ्यांना दिसतंय तेच लिहिलं, माझं चुकलं काय?” (लाइन सुपरवायझर, वाळूज)

दिसलं ते तुम्ही लिहिलंच नाही. पाहून तुम्ही जो निष्कर्ष काढला, तेवढाच लिहिला. ऑपरेटरने तो वाचला तर त्याला कळणार नाही की नेमकं काय बदलायचं, आणि त्याने हरकत घेतली तर तुमच्याकडे दाखवायला काही नसेल. तुमच्या पत्रात पुढे एक प्रसंग आला आहे, त्यावरूनच शेरा लिहून पाहू:

“14 नोव्हेंबर, तिसरी पाळी, सीएनसी मशीन 6. इन्सर्ट बदलल्यावर पहिला नग क्वालिटीकडून पास करून न घेता उत्पादन सुरू ठेवलं. पहाटेच्या तपासणीत बोअर मोठा निघाला. 120 नग वेगळे काढून तपासावे लागले, 34 भंगारात गेले आणि सकाळची डिस्पॅचची गाडी दोन तास थांबली.”

तारीख, पाळी, मशीन लिहिलं की दोघांच्या डोळ्यांसमोर एकच रात्र येते. ‘नेहमी’, ‘कायम’, ‘वारंवार’ यांनी ते होत नाही. उलट ऑपरेटर लगेच अपवाद सांगायला लागतो आणि सगळी बैठक त्यातच जाते.

वागणं लिहिताना एक कसोटी लावा. शॉपमधला कॅमेरा जे टिपेल तेवढंच लिहा. नग न दाखवता मशीन चालू ठेवलेलं कॅमेऱ्यात येईल. ‘मुद्दाम’, ‘बेफिकिरीने’, ‘उद्धटपणे’ हे त्यात येणार नाही, म्हणून ते खोडा. तो उलट बोलला असेल तर काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा.

परिणामाच्या बाबतीत सर्वांत जास्त गडबड होते. 34 नग त्या लॉटचे आहेत, त्याचा कागद क्वालिटीकडे आहे, ते लिहा. महिन्याचं सगळं रिजेक्शन किंवा ग्राहकाची नाराजी त्याच्या नावावर टाकू नका. त्या रात्रीच्या त्या कृतीतून काय झालं ते साखळीने दाखवता येत नसेल, तर तो परिणाम तुमच्या मनातला आहे.

आता मला खरी काळजी वाटते ती गोष्ट. तिन्ही पायऱ्या बरोबर लिहूनही माणसावर अन्याय होऊ शकतो, कारण त्यात ‘का’ कुठेच येत नाही. तुम्हीच लिहिलं आहे की त्या पाळीला दोन लाइनला मिळून एकच इन्स्पेक्टर होता. मग ऑपरेटरने नग तयार ठेवून वाट पाहिली का? कोणाला फोन केला का? टार्गेटसाठी मशीन थांबवू नको असं त्याला कोणी सांगितलं होतं का? हे त्याला समोर बसवून विचारा आणि त्याचं उत्तर शेऱ्याखाली त्याच्या शब्दांत नोंदवा. इन्स्पेक्टर अर्धा तास फिरकलाच नाही असं निघालं, तर पहिली दुरुस्ती पाळीच्या नेमणुकीत करावी लागेल. तशी ती नोंदवा आणि ऑपरेटरच्या शेऱ्यातलं वजन कमी करा. वागणं सांगून झाल्यावर हेतू विचारावा, हे या पद्धतीचे जाणकारही सांगतात. आपल्याकडे घाईत नेमकं तेच गळतं.

आणि एका रात्रीवरून वर्षाची श्रेणी ठरत नाही. असे प्रसंग किती, सांगितल्यावर सुधारणा झाली का, हे पाहून क्वालिटी प्रमुख आणि एचआरबरोबर बसा, मगच आकडा टाका.

“चांगल्या कामालाही एवढं लिहायचं का?” (शाखाप्रमुख, पतसंस्था, जालना)

हो. ‘उत्तम काम’ वाचून पुढच्या वर्षी काय चालू ठेवायचं ते त्यालाही कळत नाही.

“तो रात्रपाळीत झोपतो असं दोन-तीन जण सांगतात. मी स्वतः पाहिलं नाही. लिहू का?” (सुपरवायझर, शेंद्रा)

नाही. ज्याने पाहिलं त्याने तारखेनिशी सही करून द्यावं, किंवा तुम्ही स्वतः रात्री फेरी मारावी. चहाच्या टपरीवरची गोष्ट अहवालात गेली की ती माणसाच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षं राहते. शिवाय पाळीत झोपणं हा शिस्तभंगाचा विषय होऊ शकतो. तो मूल्यमापनात ढकलण्याआधी एचआर आणि कंपनीच्या कामगार कायदा सल्लागाराशी बोला.

“एक माणूस दरवर्षी येळवसला न सांगता दांडी मारतो. ‘बेजबाबदार’ लिहिलं तर चालेल?” (युनिट प्रमुख, लातूर)

चालणार नाही. “त्या दिवशी रजेचा अर्ज किंवा फोन नाही, पॅकिंगची एक जागा रिकामी राहिली, दुसऱ्या कामगाराला ओव्हरटाइम द्यावा लागला” असं लिहा. मात्र येळवसची तारीख पंचांगात वर्षभर आधी असते आणि त्या दिवशी अर्धा जिल्हा शेतात असतो, हे तुम्हालाही माहीत आहे. आठवडाभर आधी रजेची यादी मागवली होती का? मागवूनही त्याने नाव दिलं नसेल तर शेरा पक्का. मागवलीच नसेल तर आधी ती पद्धत सुरू करा.

“पाचशे तयार शेऱ्यांची फाइल विकत मिळते. वेळ वाचेल, घ्यावी का?” (एचआर सहायक, नांदेड)

घेऊ नका. त्या फाइलीत तुमच्या माणसाचा एकही दिवस नाही. अशा शेऱ्यांचे अहवाल शेजारी ठेवून पाहिले आहेत. वेल्डर आणि स्टोअरकीपर, दोघांनाही शब्दशः एकच वाक्य लावलेलं असतं. वेळ वाचवायचा तर वही ठेवा. प्रसंग घडला त्याच आठवड्यात तीन ओळी लिहा आणि त्या माणसाला तेव्हाच सांगा. नोव्हेंबरची चूक मार्चमध्ये पहिल्यांदा ऐकवली तर मधले चार महिने त्याने ती पुन्हा केली असेल, आणि त्यात तुमचाही वाटा असेल.

“सरकारी कार्यालयात आहोत. गोपनीय अहवाल गोपनीयच, मग प्रतिकूल शेरा सविस्तर कशाला?” (बीड)

तो कळवावा लागतो म्हणून. 2008 मध्ये देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी कर्मचाऱ्याच्या अहवालातली प्रत्येक नोंद त्याला कळवलीच पाहिजे, फक्त प्रतिकूल नव्हे. त्या प्रकरणात तर नोंद ‘चांगला’ अशी होती. बढतीसाठी ‘अत्युत्तम’ लागत होतं, म्हणून तीच आड आली. कर्मचारी त्यावर म्हणणं मांडणार, आणि तेव्हा ‘कामात रस नाही’ याचं समर्थन तुम्हाला करता येणार नाही. “अमुक तारखेला आलेली संचिका अमुक दिवस प्रलंबित, दोन स्मरणपत्रं दिली, लाभार्थ्याचा हप्ता पुढच्या महिन्यात गेला” याचं करता येईल. स्मरणपत्रांच्या प्रती जोडा. मुदती आणि नमुना तुमच्या आस्थापना शाखेला विचारूनच सही करा.