ॲपच्या स्क्रीनशॉटवरून सोसायटीच्या वर्षाच्या खर्चाचा अहवाल

प्रश्न: आमची सोलापुरात २४ फ्लॅटची सोसायटी आहे. खजिनदार काकांनी हिशोबाच्या ॲपचे तीस-बत्तीस स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर टाकलेत आणि सर्वसाधारण सभेसाठी वर्षाच्या मेंटेनन्स खर्चाचा अहवाल मी करावा म्हणतात. यातून खरा आकडा कसा काढू?

उत्तर:

आधी काकांना एकदा विचारून घ्या, त्यांच्या लॉगिनमधून एक्सेल किंवा पीडीएफ निघते का. बऱ्याच ॲपमध्ये ती सोय कमिटीच्या लॉगिनलाच असते आणि कुणी ते बटण दाबलेलं नसतं. नसेलच निघत, तर स्क्रीनशॉटवरही काम होतं. फक्त बेरजेला लगेच बसू नका.

प्रत्येक चित्राच्या वरच्या पट्टीत तारीख बघा. `From` आणि `To` मध्ये अहवालाच्या वर्षाचा १ एप्रिल ते ३१ मार्चच पाहिजे, जसं `01/04/2024` ते `31/03/2025`. नुसतं `This Year` लिहिलेलं असेल तर ते जानेवारी ते डिसेंबरही असू शकतं. असली चित्रं बाजूला काढा आणि काकांकडून नव्याने मागवा. दुसरं, पडदा कुठला आहे ते बघा. `Receipts & Payments` म्हणजे पैसे प्रत्यक्ष आले-गेले ते. `Income & Expenditure` म्हणजे त्या वर्षाचं उत्पन्न आणि खर्च, मग पैसे कधीही दिलेले असोत. हे दोन्ही एकाच बेरजेत मिसळले की तो अहवाल कुणालाच जुळवता येत नाही.

आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीत, तीही २४ फ्लॅटचीच, असाच अहवाल केला होता. त्याचंच उदाहरण देतो, आकडे सोयीसाठी गोल केलेत. खर्चाच्या सगळ्या ओळी एक्सेलमध्ये उतरवल्यावर बेरीज आली ५,७१,६००. ॲपच्या शेवटच्या पडद्यावर मात्र एकूण पेमेंट होतं ५,६३,०००. फरक ८,६०० चा. अशा वेळी मी पहिल्यांदा फरकाला ९ ने भागून बघतो. पूर्ण भाग गेला तर कुठेतरी शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेल्याचा संशय घ्यायचा, म्हणजे ४,५०० चे ५,४०० वगैरे. इथे भाग जात नव्हता. मग चित्रं एकाखाली एक लावली. मोबाइलवर स्क्रोल करत फोटो काढताना एका चित्राच्या शेवटच्या दोन ओळी पुढच्या चित्राच्या सुरुवातीला पुन्हा येतात. त्या दोन ओळी टँकरच्या होत्या, ४,३०० च्या दोन. झाला हिशोब.

पण सारख्या दिसल्या म्हणून ओळी उडवू नका हं. उन्हाळ्यात एकाच दिवशी, एकाच रकमेची दोन टँकर बिलं खरोखर असू शकतात. व्हाउचर नंबर बघा. नंबर तोच असेल तर ओळ दुबार आलीय, वेगळा असेल तर दोन्ही बिलं खरी. ओळीवर नंबर दिसत नसेल तर काकांना ती नोंद उघडून दाखवायला सांगा.

आता हे ५,६३,००० तरी बरोबर कशावरून? त्याला पासबुक लागतं. १ एप्रिलला बँक आणि हातातली रोकड मिळून शिल्लक २,१८,६००. सभासदांकडून जमा ४,९१,४००, बँकेचं व्याज ६,०००. त्यातून ५,६३,००० वजा केले की १,५३,००० उरतात. ३१ मार्चची पासबुकातली शिल्लक आणि रोकड मिळून तेवढीच आली, म्हणून आकडा पक्का धरला. दिलेला चेक अजून वटला नसेल तर पासबुकात तेवढी रक्कम जास्त दिसेल, तो फरक लिहून ठेवायचा. हे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाकी सगळं यावरच उभं आहे.

एवढं झालं तरी ५,६३,००० हा मेंटेनन्सचा खर्च नव्हे. त्यात १,००,००० ची एफडी होती, सिंकिंग फंडाची. बँकेतून पैसे गेले म्हणून ॲपने पेमेंटमध्ये दाखवली, पण पैसे सोसायटीचेच आहेत. उरले ४,६३,०००. कॉमन लाइटची बिलं १२ ऐवजी १३ निघाली, कारण मागच्या मार्चचं ७,२०० चं बिल एप्रिलमध्ये भरलं होतं आणि या मार्चचं ३१ तारखेलाच भरून टाकलं. ते ७,२०० मागच्या वर्षाचे, वजा केले. उलट वॉचमनचा मार्चचा ११,००० पगार एप्रिलमध्ये दिला. तो खर्च या वर्षाचा, मिळवला. वर्षाचा खरा खर्च झाला ४,६६,८००. दर महिन्याला फ्लॅटमागे साधारण १,६२१ रुपये.

यातले ६२,००० बोअरच्या नव्या मोटारीचे. ते दरवर्षी येत नाहीत, म्हणून अहवालात वेगळी ओळ करा. मोटार काढली की रोजचा खर्च फ्लॅटमागे महिना १,४०६ वर येतो. आमच्याकडे मेंटेनन्स १,८०० घेतात, त्यातले २५० सिंकिंग फंडाचे. म्हणजे चालवायला हातात १,५५०. रोजचा खर्च त्यात बसतो, मोटार बसत नाही. सभेत मेंटेनन्स वाढवायचा की दुरुस्तीसाठी एकदाच वेगळी वर्गणी काढायची, हा वाद या दोन आकड्यांवर व्हायला हवा. सिंकिंग फंडाला त्यासाठी हात लावू नका, तो इमारतीच्या मोठ्या कामासाठी असतो आणि तिथेही सभेचा ठराव लागतो.

थकबाकी खर्चात धरायची नाही. वर्षाची मागणी ५,१८,४०० आणि जमा ४,९१,४००, म्हणजे २७,००० येणे. एवढं एका वाक्यात पुरे. स्क्रीनशॉट अहवालाला जोडणार असाल तर सभासदांची नावं आणि बाकी दिसते तो भाग कापून टाका. नाहीतर सभा बाजूला राहील आणि भांडणं जिन्यात सुरू होतील.

सोलापुरात टँकरच्या ओळीवर हमखास प्रश्न येतो. नळाला पाणी काही दिवसांआड, उन्हाळ्यात टँकर आलाच. आणि आर्थिक वर्ष नेमकं उन्हाळ्याच्या मधोमध संपतं. मार्चचे टँकर या वर्षात, एप्रिल-मेचे पुढच्या वर्षात. त्यामुळे "टँकरचा खर्च दुप्पट झाला" असं कुणी म्हटलं तर वार्षिक एकूण दाखवून उपयोग नाही. टँकरचा खर्च महिनावार द्या, खेपांच्या संख्येसकट. मग खेपा वाढल्या की दर वाढला, हे लगेच दिसतं.

शेवटी एक सांगून ठेवतो: हा कमिटीचा अहवाल झाला, ऑडिट झालेला ताळेबंद नव्हे. वर तसं लिहा, आणि दोन्हींतले आकडे वेगळे दिसत असतील तर का, ते एका ओळीत द्या. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस चौदा दिवस आधी काढायची असते. तेव्हा पासबुकाशी जुळवणी ऑगस्टमध्येच उरकून घ्या, काका गावाला जायच्या आत.