बिन कार्ड आणि लेजर जुळत नसताना तुटीची किंमत कशी काढावी?

प्रश्न: जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या पाइप कारखान्यात मोजणीत पीव्हीसी रेझिन ३,४०० किलो भरले. बिन कार्डावर ३,३०० आणि स्टोअर्स लेजरला ४,००० किलो शिल्लक आहे. तूट ६०० किलो धरून लेजरच्या ८५ रुपये दराने ५१,००० रुपये नुकसानीत टाकावेत का?

उत्तर: तसे करू नये. बिन कार्डाप्रमाणे पाहिले तर आपल्याकडे १०० किलो माल जास्तच आहे, आणि एकाच ढिगाबद्दल दोन नोंदी अशी उलटसुलट साक्ष देतात तेव्हा त्यातला मोठा भाग तूट नसून लिखाणातली चूक असते. म्हणून आधी दोन्ही शिलका एका आकड्यावर आणाव्यात आणि मगच प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहाव्यात.

अशाच एका कारखान्यात आकडे जवळपास हेच होते. बागायती कपाशीच्या लागवडीआधी, मे महिन्यात, पाइपची घाई असते आणि मागणी स्लिपा स्टोअरच्या टेबलावर साचतात. स्लिपांचे अनुक्रमांक लावून पाहिल्यावर ५०० किलोची एक स्लिप बिन कार्डावर चढलेली, पण लेजरला न पोचलेली सापडली. उलट २०० किलोची दुसरी स्लिप बिन कार्डावर दोनदा लिहिली गेली होती. दुरुस्तीनंतर दोन्हीकडे ३,५०० किलो आले, म्हणजे खरी तूट १०० किलो.

आता दर. इथेच बहुतेक जण फसतात. लेजरला आधी ८० रुपयांनी २,००० किलो होते, नंतर ९० रुपयांनी २,००० किलो आले, म्हणून भारित सरासरी ८५ दिसते. पण राहून गेलेली स्लिप नव्या आवकेच्या आधीची होती, त्यामुळे ते ५०० किलो ८० रुपयांनीच, म्हणजे ४०,००० रुपयांना, उत्पादनाच्या खात्यावर गेले पाहिजेत. उरलेल्या ३,५०० किलोंचे मूल्य ३,००,००० रुपये आणि दर ८५.७१ रुपये होतो, तूट ८,५७१ रुपयांची ठरते. आपण ५१,००० नुकसानीत टाकले असते, तर पाइपची किंमतही तेवढ्या ४०,००० रुपयांनी खोटी स्वस्त दिसली असती.

ही तूटही सरसकट एका खात्यात जात नाही. फाटक्या गोण्यांतून सांडणे आणि वजनकाट्यातला फरक यांसाठी त्या कारखान्याने मागच्या वर्षांच्या अनुभवावरून वाटपाच्या अर्धा टक्का मर्यादा ठरवली होती. त्या काळातले वाटप १२,००० किलो, म्हणून ६० किलो सामान्य तूट धरून ५,१४३ रुपये कारखाना उपरिखर्चात घेतले आणि उरलेले ३,४२८ रुपये असामान्य तूट म्हणून परिव्यय नफा-तोटा खात्यात टाकले. मालाच्या किमतीत ही दुसरी रक्कम मिसळता येत नाही. हरवलेल्या किंवा चोरीस गेलेल्या मालावर घेतलेले जीएसटीचे क्रेडिटही कलम १७(५)(एच) प्रमाणे परत करावे लागते, हे आपल्या करसल्लागाराला वेळीच कळवावे.

मात्र स्लिपा तपासण्याआधी उघड्या गोण्या पुन्हा वजनकाट्यावर घालाव्यात. प्रत्येक गोणी २५ किलोची धरून मोजणी झाली असेल, तर वरचे १०० किलोही खरे नसतील.